मैदानावर खेळाडू कोसळल्यास: आपत्कालीन कृती आराखडा

तालुका क्रीडा संकुल, मुख्य मैदान. सराव आणि सामने, दोन्हींना लागू. प्रती: पॅव्हेलियन, स्कोअररचे टेबल, वॉचमनची केबिन.

खेळाडू कोसळला तर

कोणाचाही धक्का न लागता किंवा छातीवर चेंडू बसून खेळाडू खाली पडला, हाकेला ओ देत नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर हृदय बंद पडले असे धरूनच कामाला लागा. अधूनमधून आचके दिल्यासारखा श्वास येतो, हातपायही झटकले जातात. त्याला फिट समजून कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात पाणी घालू नका, नाडी शोधत बसू नका. यातच सर्वाधिक वेळ वाया जातो आणि छातीवर दाब मिळाला नाही तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता घटते.

पंच ताबडतोब खेळ थांबवतील. मैदानात जायला प्रशिक्षकाने परवानगीची वाट पाहायची नाही.

कोणी काय करायचे

मुख्य प्रशिक्षक: सीपीआर, म्हणजे छातीच्या मधोमध, हाडावर दोन्ही तळहात ठेवून दाब. मिनिटाला १०० ते १२०, खोली सुमारे ५ सेंटिमीटर, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. प्रशिक्षण असेल तर ३० दाबांनंतर २ श्वास; नसेल तर नुसते दाब, पण न थांबता. दर २ मिनिटांनी सहायक प्रशिक्षकाशी अदलाबदल, कारण दमलेल्या हातांचा दाब उथळ होतो. बरगडी मोडेल या भीतीने हात आखडू नका.

स्कोअरर: १०८ ला फोन. "क्रीडा संकुल, कालव्याकडचे गेट २, खेळाडू बेशुद्ध, सीपीआर सुरू" एवढे सांगून फोन चालूच ठेवायचा.

ग्राउंड्समन: पंचांच्या खोलीबाहेरील पेटीतून एईडी, म्हणजे हृदयाला शॉक देणारे यंत्र, आणायचे. पेटीला कुलूप नसते, कधीही लावू नये. आणताच यंत्र सुरू करा, जर्सी कापा, घाम पुसा, चित्राप्रमाणे पॅड चिकटवा. यंत्र सांगेल तेव्हा सगळ्यांनी हात काढायचे. शॉक दिला की लगेच पुन्हा दाब. "शॉक नको" म्हटले तरी, खेळाडू शुद्धीवर येईपर्यंत दाब चालूच.

वॉचमन: गेट २ उघडून रस्त्यावर उभे राहायचे. गेट १ समोर दुचाक्या असतात, तिथून रुग्णवाहिका वळत नाही.

संघ व्यवस्थापक: गर्दी मागे, पालकांशी बोलणे, चित्रीकरण बंद. पालकांना जवळ थांबायचे असेल तर थांबू द्या.

२०२१ च्या युरो स्पर्धेत ख्रिश्चन एरिक्सन कोपनहेगनला मैदानातच कोसळला, तिथेच सीपीआर आणि शॉक मिळाला, आणि तो पुढे पुन्हा फुटबॉल खेळला. आपल्या मुलांनाही तेच मिळाले पाहिजे.

श्वास चालू असेल तर

कुशीवर वळवा, श्वासावर नजर ठेवा. मानेला मार असल्याची शंका असेल तर डोके हलू देऊ नका. उन्हात बरळू लागला, अंग तापले, तर आधी बर्फाचे पाणी ओतून थंड करा, मग हलवा.

तयारी

दर सोमवारी ग्राउंड्समन एईडीचा हिरवा दिवा आणि पॅडची मुदत तपासून वहीत सही करतील. मोसमाआधी सर्वांची घड्याळ लावून रंगीत तालीम: पडल्यापासून ३ मिनिटांत पॅड लागले नाहीत, तर पेटीची जागा बदलायची.