प्रशिक्षणार्थी परिविक्षा अधिकारी पदासाठी अर्जासोबतचे पत्र

दिनांक : १६ जून २०२५

प्रति,
मा. जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी,
सोलापूर.

विषय : प्रशिक्षणार्थी परिविक्षा अधिकारी (कालावधी एक वर्ष) या पदासाठी अर्ज.

महोदया,

आपल्या कार्यालयाच्या जाहिरातीनुसार वरील पदासाठी विहित नमुन्यातील अर्ज सोबत जोडला आहे. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातून मी गुन्हेगारीशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली आहे. गुण, वय, पत्ता ही माहिती अर्जात आहे. हे काम मला का करायचे आहे आणि ते सोलापुरातच का, हे मात्र त्या नमुन्यात सांगता येत नाही, म्हणून हे पत्र.

शेवटच्या वर्षी क्षेत्रकार्यासाठी मी उत्तर कर्नाटकातील एका जिल्ह्याच्या बाल न्याय मंडळात जात होते. जानेवारीत तिथे सतरा वर्षांचा एक मुलगा आला. शेतातल्या मोटरीची केबल कापून त्यातले तांबे त्याने भंगारात विकले होते. त्याला कन्नड येत नव्हते आणि त्याच्याशी बोलायला मराठी जाणणारे तिथे कोणी नव्हते, म्हणून मला बोलावले. कायद्याप्रमाणे त्याचे नाव-गाव लिहीत नाही, ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत. एवढे सांगते, की तो सोलापूर जिल्ह्यातला होता आणि आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला आला होता.

सामाजिक तपासणी अहवालाचा कच्चा मसुदा तोवर तयार झाला होता. त्यात लिहिले होते : पालक फिरते, कायमचा पत्ता नाही, देखरेखीस योग्य व्यक्ती उपलब्ध नाही. तिन्ही वाक्ये वरवर खरीच होती. मुलगा पकडला गेला त्या आठवड्यात टोळी पुढच्या फडावर गेली होती. मुलाला पत्ता विचारला की तो गप्प बसायचा, आणि त्या गप्प बसण्याचीही "सहकार्य करत नाही" अशी नोंद झाली होती. आम्ही ऊसपट्ट्यातली माणसे. माझे मामा दहा वर्षे कोयत्यावर जात होते. मी त्याला पत्ता विचारलाच नाही, मुकादम कोण ते विचारले. त्याने लगेच मुकादमाचे नाव, गाव, ट्रॅक्टर कोणाचा, कारखाना कोणता, सगळे सांगितले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही त्याच्या आईवडिलांच्या कोपीसमोर उभे होतो.

तिथे कळले ते असे. आई दिवाळीपासून आजारी होती. तिचे काम मुलगा करत होता आणि टोळीच्या हिशेबात तो अर्धा कोयता म्हणून धरला होता. घेतलेली उचल तिच्या दवाखान्यात संपली होती आणि मुकादम आणखी द्यायला तयार नव्हता. केबल कापली ती त्याच आठवड्यात. माझ्या मार्गदर्शक परिविक्षा अधिकाऱ्यांनी मला परत येताना त्या शेतकऱ्याकडेही नेले, आणि हे त्यांनी केले याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्या माणसाचा हरभरा आठ दिवस पाण्यावाचून राहिला होता. त्याचा राग खरा होता आणि तोही अहवालात यायला हवा होता. तो आला. नव्या अहवालात मुलाच्या सख्ख्या मामाचे नाव, त्याची शेती, घरात माणसे किती, मुलाला कोणत्या शाळेत पुन्हा बसवता येईल, हे सगळे लिहिले होते. मंडळाने मुलाला मामाच्या ताब्यात, चांगल्या वर्तणुकीच्या परिविक्षेवर सोडले. देखरेख सोलापूर जिल्ह्याकडे गेली.

माझे क्षेत्रकार्य मार्चमध्ये संपले. तो मुलगा आज शाळेत आहे की पुन्हा फडावर, मला माहीत नाही. हे माहीत नसणे मला फार टोचते. अहवाल कसा होतो ते मी पाहिले, पण त्यानंतरची वर्ष-दोन वर्षे कशी जातात ते पाहिलेले नाही. महिन्यातून एकदा दाराशी कोण जाते, मुलगा दोन तारखांना येऊन तिसरीला आला नाही तर कोण आधी चौकशी करते आणि मगच मंडळाला कळवते, हंगाम सुरू झाला की त्याला गावात कसे थांबवायचे, हे शिकायचे आहे. आणि ते इथेच शिकता येईल, कारण कर्नाटकात किंवा साखरपट्ट्यात कुठेही पकडला गेलेला आपल्या जिल्ह्यातला मुलगा शेवटी देखरेखीसाठी इथेच परत येतो.

प्रौढांच्या बाबतीतही माझा अभ्यास याच टोकाशी येऊन थांबला. लघुप्रबंधासाठी मी अपराधी परिविक्षा अधिनियम, १९५८ निवडला होता. आपल्या भागाला हा विषय त्याहूनही जुना आहे, मुंबई प्रांताचा परिविक्षेचा कायदा १९३८ चा. १९५८ च्या अधिनियमाचे कलम ६ सांगते, की एकवीस वर्षांखालच्या अपराध्याला तुरुंगात पाठवण्याआधी न्यायालयाने परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवून तो विचारात घ्यावा. कलम ४ खाली बंधपत्र जास्तीत जास्त तीन वर्षांचे, आणि देखरेखीचा आदेश दिला तर तो किमान एक वर्षाचा. माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचे कलम १४ आहे. त्यात अधिकाऱ्याची कामे दिली आहेत आणि चौकशी व देखरेखीबरोबर तिथे असेही म्हटले आहे, की गरज असेल तिथे त्या माणसाला योग्य काम मिळवून देण्याचा प्रयत्न करावा. दोषी ठरलेल्या माणसासाठी काम शोधणे हे सरकारी नोकराचे कर्तव्य म्हणून कायद्यात लिहिलेले आहे. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हा विषय निवडल्याचा आनंद झाला होता, आणि आजही होतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत सामुदायिक सेवा ही शिक्षाही आली. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर ही शिक्षा होते. अशा माणसांना पुढे उभे राहायला मदत लागेल, आणि ते काम आपल्या कार्यालयांच्या ओळखीचे आहे, असे मला वाटते.

सोलापूरविषयी आणखी एक गोष्ट. मी वाढले ती वस्ती सेटलमेंटपासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. वडील टॉवेलच्या यंत्रमाग कारखान्यात, आई विड्या वळते. आठवीत माझ्या बाकावर बसणारी मुलगी सेटलमेंटमधली होती. शेजारच्या गल्लीत चोरी झाली की तिच्या घरी चौकशीला लोक यायचे आणि दुसऱ्या दिवशी ती शाळेत यायची नाही. का, ते तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. पुढे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा अभ्यासाला आला. तारेच्या कुंपणात माणसे ठेवणे, रोजची हजेरी, जन्मानेच गुन्हेगार ठरवणे, हे सगळे वाचताना मला ते बाक आठवत होते. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. हजेरीचे पुस्तक बंद झाले, पण आडनाव ऐकून मत बनवायची सवय गेलेली नाही, आणि ती अहवालांतही शिरते. "समाज गुन्हेगारी प्रवृत्तीचा" अशा शब्दांची नोंद मी एका जुन्या कागदावर स्वतः वाचली आहे. माझ्या हातून असे वाक्य कधी लिहिले जाणार नाही, आणि माझ्यासमोर कोणी लिहिले तर मी ते बदलण्याची विनंती करीन. प्रशिक्षणार्थीच्या मर्यादेत राहून, पण करीन.

माझ्या हातून झालेली एक चूकही सांगायला हवी. क्षेत्रकार्याच्या पहिल्याच गृहभेटीत मी वही उघडूनच अंगणात शिरले आणि शेजारणी उभ्या असताना मुलाच्या आजीला गुन्ह्याबद्दल विचारले. आजीने काही न बोलता दार लावून घेतले. त्या घराचे दार आम्हाला पुन्हा उघडायला तीन आठवडे लागले, आणि कायद्याने अहवालाला पंधराच दिवस दिलेले असतात. माझ्यामुळे तो अहवाल उशिरा गेला आणि तेवढे दिवस मुलगा निरीक्षणगृहात जास्त राहिला. तेव्हापासून मी वही पिशवीत ठेवते. आधी पाणी मागते, बसते, घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाशी बोलते, आणि नोंदी बाहेर आल्यावर बसथांब्यावर लिहिते.

कामासाठी लागणाऱ्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात : मराठी व कन्नड लिहिता-वाचता-बोलता येते, तेलुगू बोलता येते (आमच्या गल्लीत निम्मी घरे पद्मशाली), हिंदी व इंग्रजीत अहवाल लिहिण्याइतपत सराव आहे. एमएस-सीआयटी आणि मराठी टंकलेखन ३० शब्द प्रति मिनिट उत्तीर्ण आहे. दुचाकीचा परवाना आहे. अक्कलकोट, मंगळवेढा, दक्षिण सोलापूर या तालुक्यांतली सीमेलगतची गावे मला परकी नाहीत आणि तिथे कन्नडचा रोज उपयोग होईल.

मला न येणाऱ्या गोष्टीही आपल्याला आधीच माहीत असाव्यात. न्यायालयात उभे राहून अहवालावर प्रश्नांना उत्तरे देण्याचा अनुभव मला नाही. प्रौढ परिविक्षाधीन व्यक्तीवर देखरेख मी एकदाही केलेली नाही. व्यसनमुक्तीच्या प्रकरणांत मला पुस्तकापलीकडचे ज्ञान नाही. प्रशिक्षणाच्या वर्षात या तिन्ही ठिकाणी मला अनुभवी अधिकाऱ्यांच्या मागे जाऊ द्यावे, अशी विनंती आहे. गृहभेटी सकाळी लवकर किंवा कामगार घरी येतात त्या वेळी, संध्याकाळी सातनंतर कराव्या लागल्या तरी माझी तयारी आहे, घरच्यांशी तसे बोलणे झाले आहे.

मुलाखतीसाठी कोणत्याही कामाच्या दिवशी येऊ शकते. निवड झाल्यास १ जुलैपासून रुजू होता येईल. त्यामुळे ऊसतोडीच्या टोळ्या ऑक्टोबरमध्ये निघण्याआधी देखरेखीखालच्या मुलांच्या घरी जायला तीन महिने मिळतील.

कळावे,

आपली विश्वासू,
अश्विनी मल्लिकार्जुन बिराजदार
सोलापूर

सोबत :
१. विहित नमुन्यातील अर्ज
२. पदवी व पदव्युत्तर गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती
३. क्षेत्रकार्य पूर्ण केल्याचे विद्यापीठाचे प्रमाणपत्र
४. लघुप्रबंधाचा चार पानी सारांश (मराठी)
५. एमएस-सीआयटी व टंकलेखन प्रमाणपत्रे
६. अधिवास प्रमाणपत्र