डबल बेल

चतुर्थीला सुधीर पुण्याहून नवी गाडी घेऊन जामसंड्याला आला. खळ्यात गाडी उभी राहिली तेव्हा आप्पांनी आधी चारी चाकं बघितली, मग बॉनेटवर हात ठेवून इंजिन किती तापलंय ते बघितलं. एस.टी.त बत्तीस वर्षं काढलेला माणूस. देवगड-कोल्हापूर गाडी फोंडा घाटातून पावसाळ्यात, धुक्यात, दरड बाजूला करीत नेलेली. रंगाबिंगाचं त्यांना काही पडलं नव्हतं.

"आप्पा, हिला हात लावायला लागत नाही. नुसतं बोलायचं," सुधीर म्हणाला.

"बोलान गाडी चलता?"

"चालत नाही हो. एसी, रेडिओ, फोन, काच. स्टिअरिंगवरचं हे बटण दाबायचं आणि सांगायचं."

आप्पांनी बटण दाबलं आणि त्याच दमात ओरडले, "एसी वायच कमी कर गो बाये!"

गाडीतल्या बाईने हिंदीत नम्रपणे सांगितलं, समजलं नाही, पुन्हा बोला. आप्पा पुन्हा ओरडले, या वेळी आणखी मोठ्याने. कारण घाटात कंडक्टरला हाक मारायची तर इंजिनावर आवाज चढवावाच लागायचा. पुन्हा तेच उत्तर.

"बहिरी आसा काय रे ही?"

सुधीर मालवणीत वाढलेला, पण गाडीला मालवणी येत नव्हती आणि आप्पांना थांबणं येत नव्हतं. दोघांच्या मध्ये तो घामाघूम झाला आणि माटवीच्या कामाचं निमित्त काढून घरात निघून गेला. बाप-लेकाने एकमेकांना गाडी शिकवू नये हे बाकी खरंच.

मग नात आली, सई. सहावीतली. ती शेजारच्या सीटवर मांडी घालून बसली.

"आजोबा, बटण दाबल्यावर ती 'टुंग' करते. त्याच्याआधी बोललेलं तिला ऐकूच येत नाही. आणि टुंग झाल्यावर फार वेळ थांबलात तर ती झोपते."

आप्पा गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे डबल बेल."

"काय?"

"कंडक्टरान डबल दिल्याशिवाय गाडी सोडूची नाय. एक दिली काय थांबूचा. असा आधी सांगूचा मा!"

त्यानंतर काही अडलं नाही. बटण, टुंग, आणि मग शांत आवाजात, सईने लिहून दिलेल्या कागदावरून: "टेंपरेचर चोवीस." पंख्याचा आवाज उतरला. आप्पांनी सईकडे असं बघितलं की जणू घाट एका दमात चढून आले. पुढचं त्यांनी कागद बाजूला ठेवून केलं. "ओपन सनरूफ." बाहेर भाद्रपदातली सर धो-धो पडत होती. छप्पर मात्र आज्ञाधारकपणे मागे सरकलं आणि दोघं क्षणात ओलेचिंब. "क्लोज" म्हणायला टुंगची वाट बघावी लागली, तेवढ्यात सीटवर पाणी साचलं. सुधीरला हे अजून कळलेलं नाही. सीट कशाने पुसली ते विचारू नका. माईंचं जुनं लुगडं कुठे गेलं हेही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस उघडला होता. घर सगळं ओटीवर मोदकांच्या सारणात गुंतलेलं. आप्पा एकटेच गाडीत जाऊन बसले, उकडतं म्हणून दार उघडंच ठेवलं. बटण. टुंग. "कॉल दगडू."

रिंग गेली. पलीकडे दगडू, त्यांचा जुना कंडक्टर, कानाने जरा मंद. त्यामुळे तो फोनवर बोलतो म्हणजे सभेतच बोलतो. आणि हा फोन गाडीच्या सहा स्पीकरांतून अख्ख्या खळ्यात वाजत होता.

"कोण? आप्पा? अरे, खंय आसस तू? चार दिस स्टँडार इलंस नाय!"

"पाहुणे आसत रे घरात."

"कॅन्टीनवालो इचारता तुका! कांदाभजीची पलेट तशीच रवता म्हणता! आणि तुझो तो दोन चमचे साखरेचो च्या..."

ओटीवर किसणी थांबली.

"हळू बोल, हळू बोल," आप्पा म्हणाले.

"काय? आयकाक येना नाय! माईक अजून तसाच सांगतंस मा, वाचनालयात जातंय म्हणान?"

माई हातातला नारळ घेऊनच उठल्या. शुगरची गोळी रोज त्यांच्याच हातून जाते.

आप्पांनी बटण दाबलं. टुंग झाली नाही. फोन चालू असला की ती होत नाही, हे सईने सांगितलंच नव्हतं. त्यांनी पुन्हा दाबलं, आणि बत्तीस वर्षांच्या शिस्तीने बेलची वाट बघत बसून राहिले. दगडूचं जिलेबीपर्यंत आलं होतं, आणि माई पायऱ्या उतरत होत्या.