प्लॉट क्र. 27 समोर मलनिस्सारण चेंबर उतू जात असल्याबाबत तातडीचा अर्ज

दिनांक : 16 जून 2025

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगरपालिका कार्यालय, गोवा

विषय : प्रभाग 6 मधील प्लॉट क्र. 27 समोर मैलापाणी रस्त्यावर वाहत असल्याने तातडीने कारवाई करण्याबाबत.

महोदय,

प्लॉट क्र. 27 च्या फाटकासमोरील चेंबर क्र. 14 मधून 9 जूनपासून मैलापाणी उतू जात आहे. सकाळी सात ते नऊ या वेळेत झाकणाच्या चारही कडांनी पाणी उसळते, दुपारी जोर ओसरतो आणि रात्री पुन्हा तेच. 12 आणि 13 तारखेला पाऊस नव्हता तरीही वाहत होते, त्यामुळे ‘पावसाचे पाणी शिरले असेल’ हे उत्तर पुरेसे नाही. पाऊस पडला की प्रमाण वाढते हे खरे. वरच्या बाजूच्या काही घरांचे पन्हळीचे पाइप मलवाहिनीला जोडलेले दिसतात, तेही तपासावे.

तुंबलेली जागा शोधायला फार खटपट नको. 11 तारखेला टँकरवाल्यांनी पहारीने चेंबर 15 चे झाकण उचलले तेव्हा तळाला नुसती ओल होती. चेंबर 14 काठोकाठ, त्याच्या वरचा 13 झाकणापासून वीतभर खाली भरलेला, आणि 15 कोरडा. अडथळा 14 व 15 च्या मधल्या सुमारे 28 मीटरच्या पाइपातच आहे. याच पट्ट्यात एप्रिलमध्ये पाण्याच्या पाइपसाठी खोदकाम झाले, खड्डा चिऱ्यांचे तुकडे व मातीने बुजवला आणि वरून हॉटमिक्स घातले. पाइप फुटून त्यात माती गेली असण्याची शक्यता आम्हाला जास्त वाटते. रस्ता तिथे किंचित खचलाही आहे.

आतापर्यंत दोनदा टँकर आला. दोन्ही वेळा त्याने चेंबर 14 उपसला आणि चार तासांत तो पुन्हा भरला. तसेच होणार, कारण उपसल्याने वाहिनी मोकळी होत नाही. म्हणून पुढीलप्रमाणे काम व्हावे :

आधी 13 आणि 14 उपसून घ्यावेत. मग जेटिंग मशीनचा पाइप कोरड्या चेंबर 15 मधून वरच्या दिशेने, म्हणजे 14 कडे घालावा. त्यामुळे सुटलेला गाळ 15 मध्ये येतो व तिथून सक्शनने काढता येतो. वरून खाली मारा केल्यास तोच गाळ पुढे जाऊन दुसरीकडे अडकेल. गाळात चिऱ्याचे तुकडे किंवा माती निघाली तर पाइप फुटल्याचे समजावे. मग कॅमेरा घालून जागा नक्की करून तेवढाच भाग उकरून बदलावा. कोणत्याही परिस्थितीत कामगाराला चेंबरमध्ये उतरवू नये. आत साचणाऱ्या वायूने क्षणात जीव जातो, आणि सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवण्यास 2013 च्या कायद्याने बंदी आहे.

हे होईपर्यंत दिवसातून दोनदा, सकाळी सहाच्या आत व संध्याकाळी, टँकर पाठवावा. उपसलेले पाणी ओहोळात किंवा शेताच्या कडेला सोडू नये. मलशुद्धीकरण प्रकल्पातच न्यावे. 11 तारखेला टँकर कुठे रिकामा झाला याची चौकशी व्हावी.

हॉटमिक्समुळे रस्ता फाटकापेक्षा उंच झाला आहे, त्यामुळे मैलापाणी अंगणात शिरते. सांडपाण्याच्या काठापासून 10 मीटरवर विहीर आहे आणि आजूबाजूची तीन घरे तिचे पाणी वापरतात. इथली जमीन जांभ्याची, भेगाळ; पाणी गाळले न जाता सरळ झिरपते. आम्ही पिण्यासाठी विहिरीचे पाणी थांबवले आहे. आरोग्य केंद्रामार्फत पाण्याची जंतुतपासणी करून घ्यावी आणि पाणी ओसरल्यावर रस्ता धुऊन ब्लीचिंग पावडर टाकावी. पावडर वाहत्या घाणीवर टाकून मात्र उपयोग नाही, ती वाया जाते.

वाहिनी आपली नसून दुसऱ्या खात्याची आहे, असे आम्हाला तोंडी सांगण्यात आले. ती कोणाचीही असो, रस्ते व गटारे स्वच्छ ठेवणे गोवा नगरपालिका कायदा 1968 अन्वये पालिकेचे काम आहे. संबंधित खात्याला आपल्या कार्यालयातूनच लेखी कळवून त्याची प्रत आम्हास द्यावी. आम्हाला या टेबलावरून त्या टेबलावर पाठवू नये.

टँकर 24 तासांत व जेटिंग तीन दिवसांत व्हावे, ही विनंती. जेटिंगसाठी लागणारे पाणी प्लॉट 27 मधील 2,000 लिटरच्या टाकीतून देऊ. चेंबर 15 चे झाकण कडेने हॉटमिक्समध्ये रुतले असल्याने येताना पहार व छिन्नी आणावी. गाडी उभी करण्यासाठी वरच्या वळणाजवळ जागा मोकळी ठेवू.

आपले विश्वासू,
प्लॉट क्र. 26, 27 व 28 चे रहिवासी

सोबत : चेंबर 13, 14 व 15 ची छायाचित्रे, खचलेल्या रस्त्याचे छायाचित्र, हाताने काढलेला नकाशा.
प्रत : प्रभाग 6 चे नगरसेवक, प्राथमिक आरोग्य केंद्राचे आरोग्याधिकारी.