पाडव्याची गुढी यंदा तुझ्या हातची

वरूड, जि. अमरावती
१५ मार्च २०२६, रविवार

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

मृगाचा संत्रा घेऊन गाडी उद्या दिल्लीला निघते. जाणं-येणं आणि माल खाली करणं धरलं तर मी शनिवारच्या आत येत नाही. पाडवा गुरुवारी, १९ तारखेला. म्हणून यंदा गुढी तू उभारायची. आजीला विचारत काम करशीलच, पण पाटावर चढून गाठ बांधणं तिच्याकडून होणार नाही. तेवढं नीट लिहून देतो.

आधी वेळ. दरवर्षी आपण सूर्य उगवला की गुढी चढवतो. यंदा तसं करू नको. गुरुवारी सकाळी ६ वाजून ५२ मिनिटांपर्यंत अमावास्याच आहे, प्रतिपदा त्यानंतर लागते. आणि शुक्रवारी पहाटे पाचच्या आत ती संपूनही जाते. म्हणजे दोन्ही दिवशी सूर्य उगवताना प्रतिपदा नाहीच. याला तिथीचा क्षय म्हणतात. असं झालं की पाडवा आदल्या दिवशी, म्हणजे गुरुवारीच. तू सातनंतर गुढी चढव, नवाच्या आत आटप. मग ऊनही लागतं आणि वाराही सुटतो.

तू मागं विचारलं होतं, पाडव्याची तारीख सारखी का बदलते. आपले महिने चंद्रावर चालतात. बारा चांद्रमहिन्यांचे साधारण ३५४ दिवस होतात आणि सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दरसाल अकराएक दिवस मागं पडतात. ते साचले की मध्ये एक अधिक महिना घालतात. यंदा ज्येष्ठ अधिक आहे, म्हणून पुढच्या साली पाडवा एकदम ७ एप्रिलला जाईल. सरकारी सौर पंचांगाचा चैत्र मात्र २२ मार्चला लागतो. नावं तीच असली तरी ते वेगळं.

गुरुवारपासून शालिवाहन शके १९४८ सुरू होतं. इसवी सनातून ७८ वजा केले की शक निघतो, करून पाह्य. या संवत्सराचं नाव ‘पराभव’. पारावर पंचांग वाचतील तेव्हा कोणी ना कोणी म्हणेलच, नावच असं तर साल कसं जाईल. साठ नावांची यादी आहे, तीच फिरत राहते. हेच नाव १९६६ साली लागलं होतं आणि पुन्हा २०८६ ला लागेल. आजीला मात्र हे पटवत बसू नको.

आता काठी. बुधवारीच आण. बुरडाकडून माणवेल जातीचा बांबू घे. तो जवळजवळ भरीव असतो, वाकत नाही. कटांग पोकळ आणि जाड निघतो, त्याच्या शेंड्यावर आपला गडवा बसत नाही. लांबी दहा फूट. शेंड्याकडची जाडी दोन बोटं, बुडाकडं मनगटाएवढी. शेंडा पेराच्या दोन बोटं वर कापून घे. पेराची गाठ खाली असली की सुतळी तिच्यावर अडते. मधल्या गुळगुळीत भागावर बांधलं तर दुपारपर्यंत साडी सरकत खाली येते, बहुतेकांच्या गुढ्या दुपारी मान टाकतात त्या यानंच. काठीचं कूस कानशीनं किंवा विळ्याच्या पाठीनं काढ, नाहीतर साडीचे धागे ओढले जातात. मग धुऊन, पुसून, हळद-कुंकवाची पाच बोटं ओढून ठेव.

साडीच्या जागी आईचा नवा खण घे, अडीच मीटरचा. अख्खी सहावारी लावू नको. ती शिडासारखी वारा धरते आणि काठी वळवते. खणाच्या चार-चार बोटांच्या निऱ्या कर, वरचं टोक मुठीत धर आणि त्या पेराच्या गाठीवर सुतळीचे तीन-चार वेढे घालून आवळ. सुतळी सुती किंवा तागाची. नायलॉनची दोरी दिसायला मजबूत, पण बांबूवर घसरते. खणावर कडुनिंबाची डहाळी, तिच्यासोबत आंब्याचा टाळा, मग साखरेची गाठी आणि हार. गाठी होळीचीच डब्यात ठेवली आहे, नवी आणायची गरज नाही. तिची दोरी मात्र तपास. ती साखरेत मुरून कच्ची होते आणि गाठी कोणाच्या तरी डोक्यावर पडते. झेंडू या दिवसांत महाग असतो, मिळाला नाही तर वाडीतल्या कण्हेरीचा हार चालतो.

गडवा सगळ्यात शेवटी. तांब्याचाच घे. स्टीलचा घेऊ नको असं शास्त्र सांगत नसेल, मी सांगतो. चिंचेनं घासून पुसून कोरडा कर, बाहेरून हळद-कुंकू लाव आणि शेंड्यावर पालथा घाल. आपल्या गडव्याचं तोंड तीन इंचांचं आहे आणि काठी दीड इंचाची, म्हणून तो डुगडुगणारच. शेंड्याला सुती फडकं गुंडाळून जाडी वाढव, गडवा दाबून पिळत बसव. मग काठी आडवी धरून एकदा हलव. वाजला तर फडकं अजून घाल. हे सगळं काठी जमिनीवर आडवी असतानाच उरकायचं. उभी केल्यावर शिडी लावून गडवा ठोकू नको.

जागा दाराशी, घरातून बाहेर पाहताना उजव्या हाताला. सडा घालून, रांगोळी काढून तिथं पाट ठेव, पाटावर मूठभर तांदूळ, त्यावर काठीचं बूड. काठी किंचित बाहेर झुकलेली ठेव, म्हणजे निऱ्या भिंतीला घासत नाहीत. बांधायची तीन ठिकाणी: बुडाशी खिडकीच्या गजाला, कमरेएवढ्या उंचीवर, आणि वर ओसरीच्या खांबाला. एकाच जागी बांधलेली गुढी फिरते. उभी करताना वर पाहत जा. छपराच्या कोपऱ्यावरून मीटरची तार गेली आहे, आपली काठी दहा फुटांची आणि वर तांबं. ओला बांबू वीज वाहून नेतो. तारेपासून निदान सहा हात अंतर नसेल तर दाराची डावी बाजू घे, मी काही म्हणणार नाही. गच्चीवर गुढी चढवायची नाही, मग शेजारच्यांची कितीही उंच असू दे. मार्चमध्ये आपल्याकडं अवकाळी येतं. ढग दाटले तर आरती-नैवेद्य झाल्यावर लगेच उतरव.

निंब मुद्दाम शेवटी घेतला, कारण खरं लक्ष तिथं लागतं. निंबाची पानगळ फेब्रुवारीपासून होते आणि पाडव्याला तांबूस कोवळी पालवी असते, कुठंकुठं पांढरा फुलोराही. तीच पालवी खायची. जुनी हिरवी पानं कडूजहर लागतात, ती गुढीसाठी. बुधवारी तोडून ठेवू नको, सकाळपर्यंत पानं माना टाकतात. आणि झाड ओळखून तोड. नाल्याकडं बकाण आहे, त्याला पुष्कळ पोरं निंब समजतात. निंबाच्या एका काडीला दोन्ही बाजूंनी पानं असतात, कडा करवतीसारखी आणि पान कोयत्यासारखं एका अंगाला वाकलेलं. बकाणाची काडी पुन्हा फुटते, काडीला काड्या आणि मग पानं. त्याचा फुलोरा जांभळट. बकाणाचं फळ विषारी असतं, ते झाड घरातच आणायचं नाही. रस्त्याकडेच्या निंबावर धूळ आणि संत्र्याच्या बागेजवळच्यावर फवारणी, म्हणून विहिरीजवळच्या झाडाची पालवी आण.

चटणी सहा माणसांची अशी. दोन चमचे चन्याची डाळ रात्री भिजत घाल. सकाळी मूठभर कोवळी पानं देठं काढून तीन पाण्यांनी धू. लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात कोळ. पाट्यावर आधी डाळ, अर्धा चमचा ओवा, चार मिरे, चिमूटभर हिंग आणि मीठ वाट. मग चिंच आणि चिंचेच्या दुप्पट गूळ. पानं सगळ्यात शेवटी, चार-पाच फेरे फक्त. पहिल्यापासून घातली तर कडूपणा सगळीकडं उतरतो आणि चटणी काळी पडते. फुलं मिळाली तर चमचाभर वरून घाल. आंघोळीनंतर, चहाच्या आधी, प्रत्येकाला सुपारीएवढी गोळी. मावशीला देऊ नको, ती पोटुशी आहे. तिच्या लहानग्यालाही नको, त्याच्या ओठाला गूळ लाव. जास्त खाल्ली म्हणून जास्त गुण येत नाही, उलट पोट ढवळतं. सिरोंच्याकडं तेलुगू घरांत याच दिवशी उगादी असते, तिथं निंबाची फुलं, गूळ, चिंच आणि कैरी घालून पचडी करतात. एकूण एकच.

गोष्टी पुष्कळ सांगतात. ब्रह्मदेवानं सृष्टी केली तो दिवस, राम अयोध्येला परतले तो दिवस, शालिवाहनाचा विजय. पुरणाची तयारी करता करता आजी सगळ्या सांगेल, ऐक. मोबाईलवर एक मजकूर फिरतो की ही प्रथा छत्रपती संभाजी महाराजांच्या हत्येनंतर सुरू झाली. ती हत्या मार्च १६८९ ची. आणि ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इसवी सन १२९०. तिच्यात सुखाची गुढी उभारण्याची गोष्ट आहे. चारशे वर्षांचा फरक तूच मोज. पण गावात कोणी त्या दुःखापायी किंवा दुसऱ्या कारणानं गुढी उभारत नसेल, तर त्याच्या दाराशी वाद घालायला जाऊ नको.

दुपारी पुरणपोळी, कढी, भजी आणि कुरड्यांचा नैवेद्य गुढीला दाखव. त्याच दिवशी गावात सालगड्यांची सालं ठरतात. शेजारच्या काकांना नव्या गड्याला दोन पायल्या गहू द्यायचे आहेत, ते आपल्याकडून उसने मागतील. कोठीतले आईला विचारून मोजून दे.

गुढी सूर्य बुडायच्या आधी उतरव. हळद-कुंकू वाहून, गुळाचा खडा ठेवून मग सोड. आधी गडवा काढ, मग वरची गाठ, मग मधली, बुडाची शेवटी. गाठी छकुली आणि तू वाटून घ्या, मुंग्या लागायच्या आत. डहाळी फेकू नको. सावलीत आठ दिवस वाळव, पानं चुरचुर वाजली की गव्हाच्या आणि तुरीच्या कोठीत थराथरानं घाल, किडा कमी लागतो. ओलसर घातलीस तर मात्र दाण्याला बुरशी येईल. काठी ओसरीच्या आढ्याला आडवी बांधून ठेव, जमिनीवर ठेवली तर वाळवी धरते.

गडवा घासून देवाजवळ ठेव. फडकं त्याच्यातच राहू देऊ नको, तांबं हिरवं पडतं.

आजीला नमस्कार सांग.

तुझा,
बाबा