पाळी चालू, शाळाही चालू

गोव्यातल्या आमच्या हायस्कुलात जूनच्या पहिल्या सोमवारी पॅडची तीन मशीनं बसणार. एक तळमजल्यावर मुलींच्या टॉयलेटबाहेर, एक वरच्या मजल्यावर जिन्यालगत, एक खेळाच्या खोलीजवळ. मासिक पाळी स्वच्छता दिन 28 मे रोजी असतो (पाळी साधारण पाच दिवसांची म्हणून पाचवा महिना, चक्र साधारण 28 दिवसांचं म्हणून 28 तारीख), पण तेव्हा शाळेला सुटी. रिकाम्या शाळेत फीत कापून काय करायचं? मुली परत येतील त्या आठवड्यात मशीन चालू हवं.

फलकांवर, दारांवर, कागदांवर जाणारी वाक्यं खाली दिली आहेत. रंगवणाऱ्याकडे आणि सगळ्या वर्गशिक्षकांकडे हाच कागद जाईल. फलकाचं वाक्य तेवढं लिहायचं. बाकीचं शिक्षकांसाठी.

मोहिमेचं मुख्य वाक्य, फाटकातून आत आल्यावर समोरच्या भिंतीवर, जिथे निकाल आणि सुटीच्या नोटिसा लागतात तिथे:

पाळी चालू, शाळाही चालू.

याखाली फूल नको, फुलपाखरू नको, पाठमोरी मुलगी नको. मशीनचं साधं चित्र आणि तीन जागा. हा फलक मुलगे वाचतील, शिपाई वाचतील, पोषण आहार घेऊन येणाऱ्या बाया वाचतील, फी भरायला आलेले पालक वाचतील. वाचू दे.

मशीनवर, डोळ्यांच्या उंचीला:

पाळी आली? पॅड इथे आहे.

5 रुपयांचं नाणं टाक. खटका उजवीकडे फिरव. पॅड खालच्या खणात पडेल.

नाणं नाही? टोकन घे. ऑफिसच्या खिडकीत वाटीत ठेवलेली आहेत. विचारायचं नाही, सही करायची नाही.

या तिसऱ्या वाक्यासाठी मी बैठकीत भांडले आणि ते बदलू नये ही विनंती. आजवर आपल्याकडे पॅड नव्हते असं नाही. कपाटात होते. कपाटाची किल्ली एका टीचरकडे, त्या तासावर असल्या की तास संपेपर्यंत थांबायचं, मग स्टाफरूमच्या दारात उभं राहून चार जणांसमोर ‘टीचर, जरा…’ म्हणायचं. पॅड होते, पण मुलींना मिळत नव्हते. टोकन कोणी घेतलं याची वही ठेवली तर तेच कपाट पुन्हा उभं राहील. वाटीतली दहा टोकनं जास्त गेली तर जाऊ देत.

टॉयलेटच्या दाराला आतून:

चार ते सहा तासांनी पॅड बदल. कमी भिजलं असलं तरी बदल.

वापरलेलं पॅड कागदात गुंडाळ, झाकणाच्या डब्यात टाक. कागद खिळ्याला अडकवलेत.

संडासाच्या भांड्यात टाकू नकोस. पॅडमधली पावडर पाण्याने फुगते आणि पाइप तुंबतो.

हात धू. साबण इथेच आहे.

शेवटचं वाक्य लिहायचं तर साबण रोज तिथे असला पाहिजे. नसेल तर वाक्य पुसा.

आरशाच्या वर एकच:

मागे डाग पडलाय का बघायचंय? म्हणून हा आरसा मोठा आहे.

सुताराला सांगून आरसा कमरेच्या खालपर्यंत लावून घेतला आहे. गेल्या जुलैत आठवीतली एक मुलगी चौथ्या तासापासून अंगात रेनकोट घालून बसली होती. बाहेर पाऊस थांबून लख्ख ऊन पडलं होतं. दोन शिक्षकांनी तिला ‘काढ गं तो’ म्हणून हटकलं, त्यांतली एक मी. तिने काढला नाही. दीड वाजता घंटा झाली तरी ती बाकावरून उठेना, सगळे गेल्यावर उठली. बाक ओल्या फडक्याने तिनेच पुसला. मये, सर्वण, कारापूरकडून येणाऱ्या मुलींना मधल्या वेळेत घरी जाता येत नाही. बालरथाची बस सकाळी आणते आणि शाळा सुटल्यावर नेते, मध्ये काही नाही. त्या मुलीने तीन तास काढले ते मी विसरलेले नाही. पुढची चार वाक्यं तिच्यामुळे सुचली.

वर्गात, फळ्याशेजारी, मुलगे-मुली दोघांसाठी:

तिच्या कपड्यांवर डाग दिसला? हळूच तिला सांग. तुझा रेनकोट दे.

रक्त पाहून हसायचं नसतं. गुडघा फुटल्यावर हसतो का आपण?

‘टीचर, टॉयलेटला जाऊ?’ एवढं पुरे. दुसरं कारण कोणी विचारणार नाही.

बाकावर डाग पडला तर पुसायला आम्ही आहोत. तू पॅड घे.

तिसरं वाक्य मुलींइतकंच आपल्या सगळ्यांना उद्देशून आहे. तास चालू असताना जाऊ द्यायचं नाही हा नियम या वाक्याने मोडतो आणि तो मोडायचाच आहे.

मुलग्यांच्या बाजूच्या व्हरांड्यात:

ते मशीन कसलं? पॅडचं. पॅड कशाला? पाळीत लागतं. पाळी म्हणजे? गर्भाशयाचं आतलं अस्तर दर महिन्याला रक्ताबरोबर बाहेर येतं. आजार नाही, जखम नाही.

तुझ्या बहिणीला कधी पॅड लागलं तर दुकानातून तूच आण. जसं दूध आणतोस.

पहिलं वाक्य लांब झालं आहे याची कल्पना आहे. पण विज्ञानाच्या पुस्तकातला तो धडा आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ‘घरी वाचा’ म्हणून सोडला आहे. मग निदान भिंतीवर तरी पूर्ण उत्तर असू दे. अर्ध्या उत्तरामुळेच मुलगे एकमेकांना कोपराने ढोसतात.

पाचवी-सहावीच्या मुलींसाठी वेगळा छोटा फलक, कारण काहींना दहाव्या-अकराव्या वर्षीच पाळी येते आणि पहिली पाळी शाळेतच आली तर मुलगी घाबरते:

चड्डीला रक्त दिसलं? बाय, घाबरू नकोस. तुला पाळी आली आहे.

पहिल्यांदा पॅड लावायचं कसं, ते चित्रात बघ. जमलं नाही तर कोणत्याही टीचरना किंवा ताईला हाक मार.

सगळं मिळून दोन-तीन मोठे चमचे रक्त जातं. दिसायला जास्त दिसतं.

पहिल्या वर्षा-दोन वर्षांत तारीख मागे-पुढे होते. होऊ दे.

तासाभरात पॅड पूर्ण भिजतंय? सात दिवसांपेक्षा जास्त चाललंय? पोट इतकं दुखतंय की उठवत नाही? टीचरना सांग. डॉक्टरकडे जाऊ.

इथे ‘बाय’ शब्द मुद्दाम घातला आहे. घरात आजी याच हाकेने बोलावते.

खेळाच्या खोलीजवळ:

पाळीत खेळायचं की नाही, हे तू ठरव. सर ठरवणार नाहीत.

कबड्डीच्या सामन्याआधी पॅड बदलायचं? मशीन दहा पावलांवर.

बालरथाच्या आत, ड्रायव्हरच्या मागच्या काचेवर, लहान अक्षरांत:

दप्तरात वही, डबा, पाण्याची बाटली आणि एक पॅड. राहून गेलं तर शाळेत मशीन आहे.

सकाळच्या प्रार्थनेनंतर आठवडाभर रोज एक, माइकवर, नेहमीच्या आवाजात वाचायचं. मुलींनीच नाही, मुलग्यांनीही. सोमवारी मुख्याध्यापक सर स्वतः वाचतील, तसं त्यांनी मान्य केलं आहे.

सोमवार: आपल्या शाळेत आजपासून सॅनिटरी पॅडची तीन मशीनं आहेत. पाच रुपये, नाहीतर टोकन.

मंगळवार: ‘कावळा शिवला’ म्हणू नका. कावळ्याचा काही संबंध नाही. पाळी आली म्हणा.

बुधवार: पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायची गरज नाही. पेनासारखं हातात धरून न्या.

गुरुवार: पाळीच्या दिवशी परीक्षा असेल तर मध्येच टॉयलेटला जाता येईल. पर्यवेक्षकांना सांगून ठेवलं आहे.

शुक्रवार: मशीन अडकलं, पॅड खाली पडलं नाही, तर ऑफिसात सांगा. तुमचे पाच रुपये परत मिळतील.

पालकसभेत वाटायचा कागद. इथे ‘तुम्ही’:

तुमच्या मुलीची शाळा पाळीमुळे बुडू नये, म्हणून आम्ही मशीन बसवलं. तिला पाच रुपयांचं एक नाणं जास्त द्या.

काळी पिशवी दुकानदाराला परत करा. पॅड भाजीच्या पिशवीत ठेवून आणा, मुलगी बघते.

जुलै 2018पासून पॅडवर जीएसटी नाही. जनऔषधी केंद्रात ‘सुविधा’ पॅड एक रुपयाला एक मिळतं.

कापड वापरत असाल तर तेही चालतं. साबणाने धुवा आणि उन्हात वाळवा, दुसऱ्या कपड्याखाली लपवून नको.

बाबा, तुम्हीही हा कागद वाचा.

उन्हाचं वाक्य गोव्यासाठी फार महत्त्वाचं आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे रुमालसुद्धा वाळत नाही, आणि लपवून वाळत घातलेलं कापड तर दमटच राहतं. ओलं कापड पुन्हा वापरलं की खाज, पुरळ, कधी संसर्ग. पावसाळ्यात त्या घरच्या मुलींसाठी टोकनांची वाटी भरलेली हवी ती यासाठीच.

बैठकीत दोघांनी विचारलं की चवथीला गणपतीच्या माटोळीखाली जाऊ द्यायचं की नाही, यावरही काही लिहायचं का. मी नाही म्हटलं. माझं मत आहे आणि ते मी माझ्या घरी पाळते. पण त्यावर भांडण लागलं तर मशीन बाजूला राहील आणि मुलगी पुन्हा रेनकोट घालून बसेल. शाळेच्या भिंतीवर शाळेपुरतं लिहू.

काही वाक्यं आली होती ती घेतलेली नाहीत. ‘लाजू नकोस’ घेतलं नाही, कारण जिला लाज वाटत नव्हती तिलाही ते वाचून कळतं की इथे लाजायचं असतं. ‘ते चार दिवस’ घेतलं नाही, त्या दिवसांना नाव आहे. ‘पॅड’ऐवजी ‘नॅपकिन’ सुचवलं गेलं, पण मुली पॅड म्हणतात. ‘नारीशक्ती’ वगैरेही नको. दहाच्या सुटीत पॅड बदलायला निघालेल्या मुलीला शक्तीची उपमा नको, साबण आणि डबा हवा.

शेवटचा एक फलक छापून तयार ठेवा. रोज मधल्या सुटीत मशीन उघडून बघायचं काम शिपाईमामी आणि माझ्याकडे आहे, तरी एखाद्या दिवशी चुकेल. तेव्हा हा फलक मशीनला अडकवायचा:

पॅड संपले आहेत. भरायला आम्हांला उशीर झाला, तुझं काही चुकलेलं नाही. स्टाफरूमच्या दाराबाहेर उघडी टोपली आहे. त्यातून घे.