वरची कडी

शकूच्या नातीने दोनशे पानी वही आणून दिली आणि म्हणाली, "कुसुमआजी, पानशेतचं सगळं यात लिही. तुझ्याशिवाय आता कोण सांगणार?" खरंच आहे. त्या दिवशी आमच्या घरात जी माणसं होती, त्यांतली मी एकटीच उरले आहे. म्हणून जसं घडलं तसं लिहिते.

१२ जुलै १९६१, बुधवार. आम्ही शनिवार पेठेत, ओंकारेश्वराच्या अलीकडे, नदीकडे पाठ असलेल्या एका वाड्यात राहत होतो. तळमजल्यावर दोन खोल्या आणि मागे लाकूडफाटा, गोवऱ्या ठेवायची अंधारी खोली. बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला, ते सकाळीच सायकलवरून गेलेले. आई वाईला माहेरी, शकू तिच्या पोटात. घरी आजी, मी आणि बंडू. मी तेरा वर्षांची, बंडू सहाचा.

पानशेतचं धरण नवं होतं, बांधकाम पुरतं झालेलंही नव्हतं. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून रचून ते कसंबसं धरून ठेवलं होतं. सकाळी ते फुटलं. रात्री फुटतं तर आमच्या पेठा झोपेतच गेल्या असत्या. हे सगळं नंतर कळलं. सकाळी फक्त एवढंच कानावर आलं, की नदीला पाणी येतंय, काठच्यांनी हलावं. मुठेला दरवर्षीच पाणी यायचं. दोन पायऱ्या चढायचं, परत उतरायचं. त्यामुळे लोक बोचकी बांधत होते, पण सावकाश.

बंडू भारी चंचल. सारखा घाटाकडे पळत होता. आजीला देव बांधायचे होते, ट्रंक भरायची होती. शेवटी तिने त्याला मागच्या खोलीत घातलं, हातात वाटीभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा दिला आणि बाहेरून वरची कडी लावली. "शंभर मोज, तोवर मी उघडते," म्हणाली. मी माडीवर अंथरुणं नेऊन ठेवत होते. खाली आले तर चौकात पाणी. आजीला वाड्यातल्या अण्णांनी हाताला धरून ओढत बाहेर काढलं होतं. मी छातीएवढ्या पाण्यातून मागच्या दारापर्यंत गेले. आतून तो आकडे म्हणत होता. मी कडीला हात घातला, पण ती उंच होती, हात पोचला नाही. मग कोणीतरी मला मागून उचललं. नंतरचं आठवत नाही.

हे मी आजवर सगळ्यांना असंच सांगत आले. आईला, बाबांना, लग्नानंतर ह्यांना, माझ्या मुलांना.

नदीचं मात्र लिहिलं पाहिजे, कारण ते पाणी ज्यांनी पाहिलं नाही त्यांना वाटतं पूर म्हणजे खूप पाऊस. त्या वेळी पाऊस असा काही कोसळत नव्हता. पाणी चहासारखं तांबडं होतं आणि त्याला शेणाचा, ओल्या मातीचा, रॉकेलचा असा वास येत होता. लकडी पुलाच्या तोंडाशी माणसांची ही गर्दी. पाण्यातून छपरं येत होती, अख्खी. एका गवताच्या गंजीवर एक कोंबडा बसलेला होता, पंख गच्च आवळून. गंजी पुलाला लागली, फिरली, कोंबडा उडाला आणि कठड्यावर येऊन बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लीला माझा हात धरून ओरडली, "अगं, बघ बघ!"

हे मला नंतर लीलानेच सांगितलं.

आता आजीविषयी. ती कमरेतून वाकलेली होती. कोनाड्यातली समई तिला हाताला यायची नाही. संध्याकाळ झाली की हाक यायची, "कुसे, समई दे गं काढून." मी टाचा न उचलता काढून द्यायचे. वयाच्या मानाने उंच होते मी. ती शिकलेली नव्हती. गोवऱ्या घ्यायच्या तर विसांत मोजायची. गोवरीवाली पाटी उतरवायची आणि दोघी मिळून म्हणायच्या, एक वीस, दोन वीस, पाच विसा झाल्या की पैसे. शंभर हा शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकला नाही.

पूर ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी बाबा वाड्यावर पोचले. मागची भिंत बसली होती, माडी तिच्यावर आलेली. मातीच्या भिंती, पाण्यात विरघळल्या नुसत्या. खडकवासलाही फुटल्यामुळे नळाला थेंब नव्हता, आणि सगळं पुणं पेशव्यांच्या वेळच्या कात्रजच्या हौदांवर पाण्याला उभं होतं. चिखल उपसणाऱ्यांना प्यायला द्यायलाही पाणी नाही. मागच्या खोलीचं दार चौकटीसकट आडवं पडलेलं सापडलं. अण्णांनी त्याच्यावरचा चिखल हाताने पुसला. वरची कडी लागलेली होती, बाहेरून.

आई वाईहून आली ती शकूला घेऊनच, दोन महिन्यांनी. तेव्हा आम्ही एका शाळेच्या वर्गात राहत होतो, चार बिऱ्हाडं, मध्ये लुगड्यांचे पडदे. आईने पहिला प्रश्न हाच विचारला. "कडी कुणी लावली?" वर्गात सगळे गप्प झाले. पडद्यापलीकडचेही. मी म्हणाले, "आजीने."

आजी तांदूळ निवडत होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मग म्हणाली, "हो. मीच लावली." आणि परत सूप हातात घेतलं.

त्यानंतर आई तिच्याशी बोलली नाही. पुढे आम्हाला गोखलेनगरला, पूरग्रस्तांसाठी बांधलेल्या वसाहतीत जागा मिळाली. एका खोलीच्या घरात आई आजीचं ताट भिंतीशी ठेवायची आणि पाठ फिरवायची. शकूला आजीच्या मांडीवर दिलं नाही. शकू मोठी झाली ती, आजीच्या हातात मूल द्यायचं नसतं, हे शिकूनच. आजी दाराला कायम वरवंटा लावून ठेवायची, दार बंद होऊ नये म्हणून. रात्रीसुद्धा. शेजारणी म्हणायच्या, "पाप खातंय म्हातारीला." मी हे ऐकत होते. बाहत्तरच्या दुष्काळात आजी गेली. अकरा वर्षं.

इथपर्यंत लिहून वही चार दिवस मिटून ठेवली होती. काल आईची जुनी पेटी काढली. तळाशी माझा त्या दिवशीचा परकर आहे, निळ्या फुलांचा. मी त्याच अंगावरच्या कपड्यांनिशी वाचले, म्हणून आईने तो न धुता ठेवला होता. काठाला वीतभर चिखल आहे. त्याच्या वर काही नाही. फुलं कोरी आहेत.

छातीएवढं पाणी नव्हतंच. मी त्या दारापर्यंत गेलेच नाही.

मी लकडी पुलावर होते. आजीनेच मला पाणी कुठवर आलंय ते बघायला पाठवलं होतं, पाच मिनिटांत ये म्हणाली होती.

नाही. हेही खोटं आहे. साठ वर्षांची सवय आहे, हात आपोआप तसंच लिहितो. खोडत नाही, शकूच्या नातीला दिसू दे.

आजीने मला कुठेही पाठवलं नव्हतं. आजी पुढच्या खोलीत देव बांधत होती. एकेक देव फडक्यात गुंडाळायची, नमस्कार करायची, मग डब्यात ठेवायची. तिने मला सांगितलं होतं, "कुसे, बंडूला घे आणि लीलाच्या घरी जाऊन बस. ते उंचावर आहेत. त्याचा हात सोडू नकोस." मी हो म्हणाले. तेवढ्यात लीला दारात आली, म्हणाली पुलावर चल, सगळ्या गेल्यात. बंडू बरोबर असला की कुठे नीट उभं राहता यायचं नाही. सारखं कडेवर घे, दमलो, भूक लागली. लीला म्हणाली, "ह्याला कशाला घेतेस?"

शेंगदाणे मी दिले. गूळ मी दिला. गोवऱ्यांच्या ढिगावर पोतं टाकून त्याला बसायला जागा केली. तो रडला नाही. मी त्याला सांगितलं, हा लपाछपीचा खेळ आहे, शंभर मोजून झाले की मी दार उघडून तुला भोज्जा देईन. खालची कडी त्याला आतून हलवून काढता यायची. म्हणून मी वरची लावली. टाचा उचलाव्या लागल्या नाहीत.

आजी समजत होती की आम्ही दोघं लीलाच्या घरी आहोत. अण्णा तिला ओढायला आले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, पोरं कुठायत? ती म्हणाली होती, पोरं केव्हाच पुढे गेलीत. हे अण्णांनी मला नंतर सांगितलं, एकटीला गाठून. पुढे काही विचारलं नाही त्यांनी. त्यांनाही कळलं असावं. आईलाही कळलं असावं, नाहीतर परकर तसाच का ठेवला? पण तिने मला कधी विचारलं नाही, आणि आजीच्या ताटापाशी पाठ फिरवणंही सोडलं नाही.

मी परत फिरले तेव्हा पेठेत घोट्याच्या वर पाणी होतं. गल्लीच्या तोंडाशी एका माणसाने मला दंडाला धरून मागे ढकललं. मी सांगू शकले असते. "माझा भाऊ आत आहे," चार शब्द. तेव्हा पाणी तेवढंच होतं, मोठा माणूस सहज आत जाऊन आला असता. मी नाही सांगितलं. सांगितलं असतं तर कडी कुणी लावली हेही सांगावं लागलं असतं. मी लोकांबरोबर पर्वतीकडे चालू लागले.

आणि आकडे. ते मी ऐकले होते, एवढं त्या पहिल्या गोष्टीत खरं होतं. पण पाण्यातून नाही. कडी लावून मी चौक ओलांडला तेव्हा तो मोठ्याने मोजत होता, बारावर पोचला होता. लीला घाई करत होती.

बंडूला शंभरपर्यंत येत नव्हतं. एकोणचाळीस झालं की तो परत तिसावर यायचा, तीस, एकतीस, बत्तीस, आणि पुन्हा एकोणचाळीस. रोज संध्याकाळी पाटीवर मीच त्याला शिकवत होते. चाळीस त्याच्या तोंडी अजून बसलं नव्हतं.