फोटोतलं गणित: मसावि 401 कसा येतो

सई,

फोटो मिळाला. पानाच्या घडीत सूत्राचा घातांक गेला आहे, त्यामुळे ते 100 + 2n आहे की 100 + n² हे तू विचारलंस. त्याचं उत्तर फोटोतच आहे. पुढे छापलेली पदं बघ: 101, 104, 109, 116. लागोपाठच्या पदांत 3, 5, 7 असा फरक पडतो. फरक दोन-दोनने वाढतोय, म्हणजे वर्गच. हे अमेरिकेतल्या 1985 सालच्या एआयएमई परीक्षेतलं तेरावं गणित आहे. तिथे प्रत्येक उत्तर 0 ते 999 मधला पूर्णांक असतं.

गणित असं: aₙ = 100 + n², n = 1, 2, 3, … आणि aₙ व aₙ₊₁ यांचा मसावि dₙ. dₙ ची सर्वांत मोठी किंमत काढायची.

तू समासात पहिले काही मसावि काढलेस, सगळे 1 आले, आणि शेजारी "उत्तर 1?" असं लिहिलंस. करून बघितलंस हे छानच. पण पुढचं वाचशील तेव्हा कळेल की या गणितात असं करून बघणाऱ्याला फार लांब चालावं लागतं.

दोन संख्यांना एखादी संख्या भागत असेल, तर त्यांच्या वजाबाकीलाही भागते. इथे

aₙ₊₁ − aₙ = (n+1)² − n² = 2n + 1

म्हणून dₙ = मसावि(n² + 100, 2n + 1). युक्लिडच्या रीतीची ही पहिलीच पायरी. आता n² + 100 ला 2n + 1 ने भागायला गेलं की 2 आडवा येतो आणि अपूर्णांक होतात. त्यावर उपाय म्हणजे n² + 100 ला 4 ने गुणणं.

इथे जरा थांब, कारण बहुतेक उत्तरपत्रिकांत हे कारण लिहायचं राहतं. एका संख्येला 4 ने गुणलं की मसावि बदलू शकतो: 5 आणि 6 चा मसावि 1, पण 20 आणि 6 चा 2. आपल्याकडे तो बदलत नाही, कारण 2n + 1 विषम आहे. 4 मध्ये 2 शिवाय दुसरा मूळ अवयव नाही, आणि 2 तर 2n + 1 ला भागतच नाही. हे एक वाक्य उत्तरात हवंच. मग

4n² + 400 = (2n + 1)(2n − 1) + 401

आणि त्यावरून

dₙ = मसावि(2n + 1, 401).

n² गेला, 401 ही ठरलेली संख्या उरली. हीच गोष्ट बाकीच्या भाषेत आणखी सुटसुटीत होते. dₙ ला नुसतं d म्हणू. d ने 2n + 1 ला भाग जातो, म्हणजे

2n ≡ −1 (mod d)
4n² ≡ 1 (mod d)
0 ≡ 4(n² + 100) ≡ 1 + 400 = 401 (mod d)

म्हणून d हा 401 चा विभाजक. मला हा मार्ग जास्त आवडतो, कारण n किती आहे हे माहीत नसतानाही n² चं काय होणार ते कळतं. मात्र यातून एवढंच सिद्ध झालं की d 401 पेक्षा मोठा नाही. 401 खरोखर मिळतो का, हे वेगळं दाखवावं लागतं. 2n + 1 = 401 घेतलं की n = 200:

a₂₀₀ = 40100 = 401 × 100
a₂₀₁ = 40501 = 401 × 101

100 आणि 101 लागोपाठच्या संख्या, त्यांचा मसावि 1. म्हणून d₂₀₀ = 401, आणि हेच उत्तर.

आता तुझ्या त्या 1 कडे येऊ. 401 मूळ संख्या आहे. 2, 3, 5, 7, 11, 13, 17, 19 यांपैकी कशानेच तिला भाग जात नाही, आणि 23 चा वर्ग 529 झाला. तेव्हा dₙ एकतर 1 नाहीतर 401, मधलं काही नाही. n ≡ 200 (mod 401) असेल तेव्हाच 401. म्हणजे पहिली 199 उत्तरं झाडून सगळी 1, मग n = 200 ला एकदम 401, आणि पुन्हा थेट n = 601 ला. तू शंभर मसावि काढले असतेस तरी 1 वरचा विश्वास वाढतच गेला असता.

उद्यासाठी: 100 च्या जागी 11 घे. 401 च्या जागी काय येतं ते आधी काढ. ती संख्या मूळ नाही, त्यामुळे या वेळी पहिल्याच जोडीचा मसावि 3 येईल. dₙ च्या कोणकोणत्या किमती येऊ शकतात ते शोध, आणि प्रत्येकीसाठी सर्वांत लहान n लिहून फोटो पाठव. पान सपाट धरून काढ.